कापलेल्या जाहिरातीचा फोटो

आमच्या सोसायटीचा पंप आणि बागेतल्या नळ्या बघणारा माणूस एका रविवारी सकाळी हातात मोबाइल घेऊन दारात उभा राहिला. तो वसईच्या खाडीकडच्या गावातला. वय पस्तिशीच्या आत, मुलगी दुसरीत. समुद्राच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये पाण्याच्या टाक्या, तलावाचे पंप आणि हिरवळीचे फवारे सांभाळण्याची त्याची कायम नोकरी, आणि वेळ मिळेल तसं आमचं काम. पंप बिघडल्याचा निरोप आम्ही धाडला नव्हता, म्हणून त्याला पाहून मला नवल वाटलं.

"काका, एक कागद वाचायचाय. इंग्लिशमध्ये हाय," तो म्हणाला.

माझी नोकरी मुंबईतल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात. परदेशी माल जातो, त्याची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाला बँकेचं, विम्याचं, परदेशातल्या मुलाच्या कॉलेजचं पत्र आलं की ते माझ्याकडे येतं. वाचून देताना मी एक पथ्य पाळतो. कागदावर आहे तेवढंच सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि ऐकणाऱ्याला कडू लागेल म्हणून गाळायचंही नाही. काही लोक त्यामुळे दुसऱ्यांदा येत नाहीत.

त्याचा कागद म्हणजे फोटो होता. आखातातल्या एका बागबगिचे आणि देखभाल करणाऱ्या कंपनीची जाहिरात, भिंतीवरच्या फलकावर टाचलेली, आणि कोणीतरी ती मोबाइलवर टिपलेली. वरच्या डाव्या कोपऱ्यात टाचणीची सावली आणि तिच्याखाली चहाचा असावा तसा एक डाग. त्या कंपनीत ड्रायव्हर असलेल्या त्याच्या चुलतभावाने तो पाठवला होता.

आखातात जायची गरज त्याला का पडली, ते त्याने चहा पिता पिता सांगितलं. रिसॉर्टची जागा मालकाने विकली होती. हा हंगाम संपला की गेटला कुलूप. मॅनेजरने सगळ्यांना तोंडी सांगून टाकलं होतं. दुसऱ्या रिसॉर्टवाल्यांनी रोजंदारीवर ये म्हटलं, कायम कोणी घेईना.

मी फोटो मोठा करून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मराठीत उतरवायला घेतला. जाहिरातीत तीन जागा होत्या: बागकामाचा मुकादम, सिंचन तंत्रज्ञ आणि ड्रायव्हर. त्याच्या कामाची मधली. शिक्षण: प्लंबिंगचं प्रमाणपत्र किंवा त्याच्या बरोबरीचं. अनुभव: ठिबक आणि तुषार सिंचनाची जोडणी व देखभाल यांचा किमान पाच वर्षांचा, मालकाच्या पत्रासह. आखातात काम केलेलं असल्यास प्राधान्य. पाणी आपोआप सोडणारे टायमर हाताळता यावेत. साधा नकाशा वाचता यावा. कामापुरतं इंग्रजी. करार दोन वर्षांचा, राहायला सामायिक खोली, ये-जा कंपनीच्या गाडीने.

'हवंच' असं जे होतं ते मी पेनाने लिहिलं आणि 'असल्यास बरं' ते पेन्सिलने. अशा कागदात हा फरक सगळ्यात आधी बघायचा असतो. माणसं घाबरतात ती बहुधा पेन्सिलीच्या ओळींना.

त्याने माझं लिहिलेलं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे आखातातलं, हे कंपल्सरी हाय ना?"

"नाही. असेल त्याला आधी घेतील. नसेल त्याने अर्ज करू नये असं लिहिलेलं नाही."

"पन तो तर बोलला कंपल्सरी."

'तो' कोण, हे विचारल्यावर विरारच्या माणसाची गोष्ट बाहेर आली. परदेशी नोकऱ्या लावून देतो, विरार स्टेशनापासून चालत जाण्यासारखं ऑफिस. शेजारच्या गावातल्या कोणीतरी पत्ता दिला. यानेच त्याला तो फोटो पाठवला, तर तो म्हणाला, ही तर आमचीच कंपनी, आम्हीच माणसं भरतोय. आखातातला दोन वर्षांचा अनुभव लागतोच. तुझ्याकडे नाही, हरकत नाही, मस्कतच्या एका फर्मचं सर्टिफिकेट मी तयार करून देतो. शेवटची तारीख मंगळवार आहे, तेव्हा लवकर काय ते कर.

मी पुन्हा फोटो पाहिला. त्यात कुठेही तारीख नव्हती. 'अर्ज कसा करावा' हे शब्द होते आणि त्याच्याखालच्या ओळीचा वरचा अर्धाच भाग दिसत होता, भिंतीपलीकडच्या माणसाचं नुसतं डोकं दिसावं तसा. त्याच्याखाली काही नाही. कंपनीचा ईमेल नाही, तारीख नाही, सही-शिक्का नाही.

"खालचा भाग कुठे आहे?" मी विचारलं.

"एवढाच आला."

"मग मंगळवार कुठून आला?"

माझी बायको आतून भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, त्याला प्रश्न विचारताय का चौकशी लावलीय?"

मी म्हटलं, चौकशीच आहे. आणि विचारलं, "त्याला काही दिलंस का?"

"पैसे नाय दिले. पासपोर्ट दिलाय. काल."

भाजी निवडण्याचा आवाज थांबला. मग बायकोच बाहेर आली आणि म्हणाली, "मूळ? झेरॉक्स नाही?"

मूळच दिला होता. पावती घेतली नव्हती. घरी आईला आणि बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे व्हिसा हातात पडेपर्यंत कोणी बोलत नाही; आधी बोभाटा झाला आणि काम फिसकटलं तर वर्षभर गाव विचारत राहतं.

चुलतभावाला तिथूनच फोन लावला. भाऊ याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, गाडीतच होता, ड्यूटीवर. याने विचारलं, दादा, फोटो पूर्ण पाठव, खालचा भाग दिसत नाही. पलीकडून उत्तर आलं की तेवढाच काढला होता. मग परत काढून पाठव म्हटल्यावर, तो कागद आता तिथे असेल की नाही माहीत नाही, बघतो, सिग्नल लागलाय, ठेवतो. फोन स्पीकरवर होता. मला आवाज आवडला नाही. कागद फलकावर असेल-नसेल याची शंका येऊ शकते, पण फोटो काढताना फक्त वरचाच भाग टिपणारा माणूस मी पाहिलेला नाही. कागद पूर्ण दिसावा म्हणूनच लोक मागे सरकतात. हा फोटो काढल्यानंतर कापला होता. मोबाइलच्या उभ्या फोटोपेक्षा हा बराच बुटका होता आणि खालची सरळ कड ओळीच्या मधूनच गेलेली.

मी ते त्याला दाखवलं.

"म्हनजे दादाने कापला?" त्याने मोबाइल माझ्याकडून काढून घेतला. "काका, तो सख्ख्यासारखा हाय. तुमी कोनावर पन शक घेता."

मी म्हटलं, कोणी कापला ते मला माहीत नाही, कापलाय एवढं खरं. मनात मात्र मी दोघांना एका गाडीत बसवून मोकळा झालो होतो: आखातातला भाऊ फोटो पाठवतो, विरारचा माणूस गिऱ्हाईक पकडतो. अर्धं अर्धं. असे प्रकार मी पेपरात वाचले होते.

दुपारी मी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर गेलो. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर सरकारी परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी तिथे पाहता येते. विरारच्या माणसाने दिलेल्या कार्डावर परवान्याचा क्रमांक होता. तो यादीत निघाला, पण दुसऱ्या राज्यातल्या एका फर्मच्या नावावर. विरारचा पत्ता त्या फर्मच्या नावापुढे नव्हता.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रिसॉर्टमधून त्याला सुट्टी मिळेना, तर पोट बिघडलं सांगून तो आला. ऑफिस एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पाच-सहा जण बसलेले, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकची फाईल. भिंतीवर विमानाचं चित्र आणि 'सरकारमान्य' अशी पाटी. कोणाची मान्यता ते लिहिलं नव्हतं.

आतला माणूस माझ्याच वयाचा, बोलायला गोड. मला त्याने काकाच ठरवलं आणि चहा मागवला. मी म्हटलं, चहा नको, याने दाखवलेली जाहिरात समजून घ्यायचीय, मूळ जाहिरात दाखवा. तुम्हीच त्या कंपनीची माणसं भरताय तर तुमच्याकडे कंपनीचा कागद असेल.

"है ना काका, सगळं आहे," असं म्हणत त्याने मोबाइल काढला, बराच वेळ वर-खाली केला आणि माझ्यासमोर धरला.

टाचणीची सावली, चहाचा डाग, खालची सरळ कड. फोटोवर 'फॉरवर्डेड' असं बारीक अक्षरात.

"हा तर यानेच तुम्हाला पाठवलाय," मी म्हटलं.

"कंपनी एक, तर फोटो पण एकच असणार ना."

"डागही एकच?"

त्याने मोबाइल उलटा ठेवला. माझ्या शेजारी बसलेल्याने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग मी परवान्याचं विचारलं. तो म्हणाला, आम्ही त्या फर्मची ब्रांच. मी म्हटलं, शाखेलाही परवानगी लागते आणि ती यादीत दिसत नाही. तो हसला. "काका, तुम्ही इन्कम टॅक्समध्ये आहात का?"

"नाही, हिशेब लिहितो. याचा पासपोर्ट परत द्या."

पासपोर्ट दिल्लीला गेला, स्टॅम्पिंगला, असं उत्तर आलं. मी विचारलं, निवड झाली नाही, कंपनीचं पत्र नाही, व्हिसा निघाला नाही, तर शिक्का कशावर मारणार? त्यावर तो म्हणाला, तुम्हाला या लाइनचं माहीत नसतं. मग म्हणाला, ठीक आहे, केस मागे घ्यायची तर फाईल चार्ज भरावा लागेल. मी म्हटलं, भरतो, पण पावती द्या. छापील, परवान्याचा क्रमांक आणि तुमचं पूर्ण नाव असलेली. नसेल तर पोलीस चौकी खालीच आहे, दुसऱ्याचा पासपोर्ट अडकवून ठेवता येतो का ते तिथे विचारू.

मी आवाज चढवला नाही. पावतीपुस्तक काढायला सांगितलं की बरीच कामं आपोआप होतात, एवढा माझा अनुभव. त्याने थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं, खालचा ड्रॉवर ओढला. दिल्लीला गेलेला पासपोर्ट तिथेच होता. त्याच्यासोबत रबर लावलेले आणखी कितीतरी. जाड गठ्ठा होता. त्यातला याचा काढून त्याने टेबलावर टाकला. याने आधी फोटो उघडून पाहिला, मग प्रत्येक पान उलटलं, आणि शर्टाच्या आत ठेवला.

बाहेरच्या खोलीतून जाताना मी खुर्च्यांवरच्या लोकांना म्हटलं, मूळ पासपोर्ट देऊ नका, परवाना यादीत बघा. एकाने मान डोलावली. दुसरा म्हणाला, "तुमचं काम नाही झालं वाटतं?" कोणी उठलं नाही.

खाली आल्यावर त्याने पाणी प्यायलं आणि म्हणाला, "काका, पन आता जाहिरात पन गेली ना हातातून. मंगळवार उद्या."

मंगळवार त्याच माणसाने सांगितलेला, हे माझ्या डोक्यात होतं. त्याच्या डोक्यात अजून तारीख खरी होती. खरी तारीख कळायला एकच जागा उरली होती.

संध्याकाळी चुलतभावाची ड्यूटी संपल्यावर व्हिडिओ कॉल झाला, माझ्या घरातूनच. याने सरळ विचारलं, "दादा, विरारवाल्याला तू ओळखतोस का?"

"कोन विरारवाला?"

याने पासपोर्टचं सगळं सांगितलं. पडद्यावरचा माणूस डोक्यावरची टोपी काढून बसला. तो खरंच हादरलेला दिसला, पण मी अशा चेहऱ्यांवर एकदम विश्वास ठेवत नाही. मी मध्ये पडून विचारलं, खालचा भाग कोणी कापला?

त्याने आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मीच कापला. काका, खाली कंपनीने लिहिलंय, ज्याने मानूस आनला त्याला बोनस. माझा स्टाफ नंबर टाकायचा असतो अर्जात. घरी कळलं असतं तर काय बोलले असते? भावाला नोकरी लावली आनि दलाली खाल्ली."

याने मोबाइल तोंडाजवळ आणला. मग म्हणाला, "आनि त्या दलालाने पासपोर्ट खाल्ला असता तो?"

"मला काय ठाऊक तू विरारला जाशील. मला वाटलं मीच तुझा अर्ज टाकेन नंतर. गुपचूप."

खालच्या भागाचा मूळ फोटो त्याच्या मोबाइलमध्येच होता. पाच मिनिटांत आला. मी कॅलेंडरचं दुसरं पान घेतलं. अर्ज फक्त कंपनीच्या ईमेलवर, विषयात जागेचा क्रमांक आणि शिफारस असल्यास ती करणाऱ्याचा स्टाफ नंबर. व्हिसा, तिकीट आणि भरतीचा सगळा खर्च कंपनीचा. उमेदवाराने कोणालाही पैसे देऊ नयेत. कोणत्याही एजंटला नेमलेलं नाही. निवड झालेल्यांना घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्यास सहा महिन्यांनंतर बक्षीस. अर्जाची मुदत: महिन्याचा शेवटचा दिवस, कार्यालय बंद होईपर्यंत, तिथल्या वेळेनुसार.

तिथलं घड्याळ आपल्या मागे, म्हणजे थोडा वेळ आपल्या पदरात पडत होता. तरी मुदतीच्या शेवटच्या दिवसाला हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलं.

बक्षिसाची लाज वाटून भावाने जेवढं कापलं होतं, त्यातच 'एजंट नाही, पैसे नाहीत' ही ओळ होती. मी ते दोघांनाही वाचून दाखवलं. आणि तरीही मी कंपनीचं संकेतस्थळ उघडून जागेचा तोच क्रमांक तिथे आहे का, ईमेल अक्षर अन् अक्षर जुळतो का ते पाहिलं. जुळत होता. बायको म्हणाली, "आता तरी पटलं ना?" मी म्हटलं, जाहिरात पटली.

पुढचा तिढा अनुभवाचा. पाच वर्षं, मालकाच्या पत्रासह. रिसॉर्टची चार भरत होती आणि मॅनेजर पत्र द्यायला तयार होता, जागाच जाणार म्हटल्यावर त्याचं काय जात होतं. एक वर्ष कमी. तो मला म्हणाला, "काका, सोसायटीचं पत्र द्या ना दोन वर्षांचं."

सोसायटीचा सचिव मीच. मी म्हटलं, देतो, पण ती दोन वर्षं रिसॉर्टच्या चारातलीच आहेत. तारखा घातल्या की दिसणार.

"तारीख आधीची टाका. एक आकडा तर हाय."

"मस्कतच्या सर्टिफिकेटात आणि यात फरक काय राहिला मग?"

तो चिडला. विरारवाल्यावर शक घेतला ते ठीक, दादावर घेतला तो पण ठीक, आता माझ्यावर पण, असं म्हणून उठला. बायकोने त्याला बसवलं आणि माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाली, "यांना सख्खा भाऊ पावतीशिवाय भाऊ वाटत नाही." तो हसला, पण बसताना खुर्ची लांब ओढून बसला.

मग मी विचारलं, रिसॉर्टच्या आधी काय करत होतास?

"काय नाय. घरीच."

"घरी म्हणजे?"

"प्लंबिंगचं आयटीआय झालं, मग असाच फिरायचो. ठिबकवाला बोलवायचा, इथल्या गिरीजला वाड्यांमध्ये केळींना पायपा टाकायला. पापडीला पन दोन-चार ठिकानी."

"किती दिवस?"

"तीन हंगाम. पन ते काय काम नाय काका, ओळखीतलं. कधी पैसे दिले, कधी नारळ दिले. जेवन तर असायचंच."

मी पेन खाली ठेवलं. ज्या एका वर्षासाठी तो माझ्याकडून खोटी तारीख मागत होता, ते त्याच्याकडे आधीच होतं, आणि त्याला ते नोकरी वाटतच नव्हतं. ज्याच्या मळ्यात जेवलो त्याच्याकडचं काम अनुभव म्हणून लिहायचं, हे त्याच्या डोक्यात बसेना.

ठिबकचं सामान विकणारा दुकानदार वसईतलाच. आम्ही गेलो तेव्हा गिऱ्हाइकाला फिल्टर दाखवत होता. म्हणाला, याला कोण ओळखत नाही, लिहून देतो, काय लिहू ते सांगा, टेक्निशियन लिहू का? मी म्हटलं, होता का? तो म्हणाला, तसा फिटरच्या हाताखाली होता, मदतनीस, शेवटच्या हंगामात एकटा जायचा. मी म्हटलं, तसंच लिहा. पहिले दोन हंगाम मदतनीस, तिसरा एकट्याने जोडणी. लेटरहेडवर, शिक्का, फोन नंबर. माझ्याबरोबर आलेला दुकानाच्या दारात पाइपच्या गुंडाळ्यांकडे बघत उभा होता.

अर्ज मुदतीच्या बराच आधी गेला. विषयात भावाचा स्टाफ नंबर घालायचा का, हे मी त्याला विचारलं, कारण न घालताही अर्ज करता येत होता. तो म्हणाला, "घाला. पन त्याला बोला, बोनस मिळाला तर घरी तोंडाने सांगायचं. कापाकापी बस."

मुलाखत व्हिडिओवर झाली, सोसायटीच्या ऑफिसात, कारण त्याच्या घरी नेटवर्क धड येत नाही. तिकडे एक केरळचा इंजिनिअर होता, हिंदीत बोलला. नळीच्या टोकाला पाणी कमी येतंय, तर आधी काय बघशील? हा सुटलाच. फिल्टर, मग वॉल्व्ह, मग वळणं, मग गाडीचं चाक नळीवरून गेलंय का. मी कोपऱ्यात बसलो होतो. इंजिनिअरने विचारलं, मस्कत, दुबई, कुठे काम केलंय? हा म्हणाला, "नहीं साब. गिरीज." तो माणूस हसला आणि गिरीज कुठे आहे ते विचारून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग त्याला बोलावलं. खोली, करार, तिकीट, सगळं जाहिरातीप्रमाणे, पण जागा सिंचन तंत्रज्ञाची नव्हती. सिंचन मदतनीस. कंपनीला विचारलं, तर उत्तर स्पष्ट होतं: तंत्रज्ञ म्हणून पूर्ण पाच वर्षं कागदावर दिसत नाहीत, दोन हंगाम मदतनीस म्हणून आहेत, आखातातला अनुभव नाही, एक वर्ष मदतनीस, मग चाचणी, मग तंत्रज्ञाचा दर्जा. पगारही त्या वर्षापुरता मदतनिसाचा.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दुकानदार 'टेक्निशियन' लिहायला तयार होता, हे तिला मीच सांगितलं होतं.

मी त्याला जसं होतं तसं वाचून दाखवलं, पेनाने लिहिलेलं आणि पेन्सिलने लिहिलेलं वेगळं करून. चाचणी 'घेतली जाईल' असं होतं, दर्जा 'मिळेल' असं नव्हतं; 'दिला जाऊ शकतो' होतं. तेही सांगितलं. सही करायचीच असं मी म्हणणार नाही, हेही सांगितलं.

तो कॅलेंडरचं पान हातात घेऊन बसला. "तुमी खरं लिवलंत म्हनून हेल्पर झालो," तो म्हणाला. रागाने नाही, पंप का बंद पडला ते सांगावं तसं.

"हो," मी म्हटलं.

"आनि टेक्निशियन लिवलं असतं तर तिथे गेल्यावर टायमरच्या कंट्रोलरचं विचारलं असतं. तो मोठावाला मी बघितलेला पन नाय." त्याने पेन मागितलं. "एक वरस हेल्पर. इथे तर हंगाम संपला की तेवढं पन नाय."

सही त्याने पासपोर्टवरच्यासारखीच केली, शेजारी पासपोर्ट उघडून ठेवून. चुलतभावाने बोनसचं घरी सांगितलं म्हणे. त्याची आई एवढंच बोलली की मग मिठाई त्याने पाठवायची.

जायच्या आदल्या आठवड्यात मी त्याला सांगितलं की पासपोर्ट आणि कराराच्या झेरॉक्स प्रती बायकोकडे ठेव, आणि तिथेही मूळ पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नकोस, कंपनीच्याही नाही. तसा त्यांना ठेवून घेता येत नाही. त्याने ते भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, इथे सगळ्यांचे ऑफिसमध्येच असतात, लागला की मागायचा, देतात.

"मग काय करू काका?"

जाहिरातीत याबद्दल काही नव्हतं, करारातही नव्हतं. मी दोन्ही कागद पुन्हा काढून पाहिले. नसलेल्या ओळीचं भाषांतर मला येत नाही. शेवटी मी एका कोऱ्या कागदावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहून दिली: माझा पासपोर्ट मी माझ्याजवळ ठेवू इच्छितो, ठेवून घ्यायचा असल्यास कृपया सही-शिक्क्याची पोच द्यावी. खाली मराठीत अर्थ लिहिला.

त्याने तो घडी करून पासपोर्टच्या प्लास्टिकच्या कव्हरात घातला. "आनि पोच नाय दिली तर?"

मी म्हटलं, तर मला फोन कर. फोन करून मी इथून काय करणार होतो, ते त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.